घरातलं माणूस गेल्यावर त्यांच्या फेसबुक अकाउंटचं काय करायचं, आणि कुठल्या क्रमाने

आमचे नानाकाका ऑगस्टमध्ये गेले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचा वाढदिवस आला. सकाळी सकाळी फेसबुकने सगळ्यांना नोटिफिकेशन पाठवलं आणि दुपारपर्यंत त्यांच्या वॉलवर चौदा जणांनी "जीवेत शरदः शतम्", "शतायुषी व्हा नाना" वगैरे लिहून ठेवलेलं. त्या लोकांची काही चूक नाही, बँकेतले जुने सहकारी, कोणी नाशिकला कोणी सोलापूरला, त्यांना कळलंच नव्हतं. पण काकूने ते स्वतःच्या फोनवर बघितलं आणि मला फोन केला, "अरे हे बंद कर रे काहीतरी."

मी म्हटलं करतो, अर्ध्या तासाचं काम असेल. लागले जवळजवळ दोन महिने, आणि त्यातले निम्मे दिवस आम्ही गोष्टी चुकीच्या क्रमाने करायला निघालो म्हणून गेले. मुख्य सांगायचंय ते हेच, की फॉर्म भरणं सोपं आहे, पण फॉर्म एकदा मंजूर झाला की त्या अकाउंटमध्ये कोणालाच जाता येत नाही. पासवर्ड माहीत असला तरी नाही, मुलाला नाही, बायकोला नाही. त्यामुळे आधी काय उरकून घ्यायचं हे कळलं पाहिजे.

आधी ठरवा, ठेवायचं की काढायचं

दोन पर्याय आहेत. एक म्हणजे अकाउंट स्मृती म्हणून ठेवायचं. नावापाशी `Remembering` असा शब्द येतो, जुने फोटो पोस्ट ज्यांना आधी दिसत होते त्यांना दिसत राहतात, पण वाढदिवसाची आठवण जात नाही, "ओळखता का यांना" मधे प्रोफाइल येत नाही, आणि लॉगिन कायमचं बंद. दुसरा म्हणजे अकाउंट पूर्ण काढून टाकायचं, मग फोटो, कमेंट, सगळंच गेलं.

आमच्याकडे यावर वाद झाला. चुलतभाऊ बंगळुरूला असतो, तो म्हणे काढून टाका, उगाच कोणीतरी फोटो घेऊन फेक प्रोफाइल बनवेल. काकूला ते पटेना, कारण काका दर रविवारी पर्वती चढून वर गेले की एक फोटो टाकायचे, नऊ-दहा वर्षांचे रविवार आहेत ते, आणि त्यातले बरेचसे फोटो जुन्या फोनबरोबर गेलेत, आता फक्त फेसबुकवरच आहेत. मी मधला मार्ग सुचवला आणि तुमच्याकडेही एकमत होत नसेल तर हेच करा. आधी स्मृती अकाउंट करून घ्या. ते झाल्यावरही नंतर कधी काढून टाकायची रिक्वेस्ट देता येते. पण काढून टाकलेलं परत आणता येत नाही.

आणि हो, हे ठरेपर्यंत मित्रमंडळींना आवरा. कारण स्मृती अकाउंटची रिक्वेस्ट फक्त घरच्यांनीच द्यायला हवी असं काही नाही, मित्रसुद्धा देऊ शकतो. काकांच्या पर्वती ग्रुपमधले एक गृहस्थ चांगल्या भावनेने म्हणाले की मी पेपरातली बातमी जोडून रिक्वेस्ट टाकून देतो, नशिबाने त्यांनी आधी ग्रुपवर विचारलं. आम्ही म्हटलं काका थांबा, महिनाभर थांबा. का थांबवलं ते खाली येतंच.

सिम बंद करू नका, फोन फॉरमॅट करू नका

तेराव्यानंतर आपल्याकडे पहिली गोष्ट काय होते तर कोणीतरी म्हणतं, "तो नंबर उगाच चालू आहे, बंद करा." नका करू. साधं कमीत कमी व्हॅलिडिटीचं रिचार्ज मारा आणि सिम त्याच फोनमध्ये राहू द्या. बँक, गॅस, वीजबिल, सगळ्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात हे तर आहेच, पण फेसबुकला तोच नंबर जोडलेला असतो. आणि बंद केलेला नंबर कंपनी कायमचा कपाटात ठेवत नाही, ९० दिवस तरी तो कोणाला देत नाहीत, त्यानंतर मात्र दुसऱ्या माणसाला जाऊ शकतो. म्हणजे काकांच्या अकाउंटचा पासवर्ड बदलायचा कोड उद्या कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या मोबाईलवर जाणार. सिम बंद करणं हे यादीतलं शेवटचं काम आहे, पहिलं नाही.

अकाउंट किती आहेत ते शोधा

हे मला आधी सुचलंच नव्हतं. आपल्या वयस्कर मंडळींचं काय होतं, पासवर्ड विसरला की ती नवीन अकाउंट काढतात. काकांच्या नावाने शोधलं तर तीन सापडली. एक चालू, एक २०१२ च्या आसपासचं ज्यात फक्त ऑफिसचे लोक, आणि एक ज्यात फोटोच्या जागी गणपती आणि मित्र फक्त दोन, त्यातली एक काकू. प्रत्येकाची रिक्वेस्ट वेगळी द्यावी लागते. नावाने शोधा, टोपणनावाने शोधा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगने शोधा, आणि म्युच्युअल फ्रेंड बघून खात्री करा की हे आपलंच माणूस आहे. मग प्रत्येक प्रोफाइलवर जाऊन तीन टिंबांवर दाबलं की लिंक कॉपी करायचा पर्याय येतो, ती लिंक कुठेतरी लिहून ठेवा. फॉर्ममध्ये तीच लागते, नुसतं नाव देऊन उपयोग नाही कारण पुण्यात एकाच नावाचे पन्नास लोक निघतील.

त्यांच्या अकाउंटवर काही पेज चालू आहे का

यासाठीच आम्ही त्या गृहस्थांना थांबवलं होतं. काकू घरगुती दिवाळी फराळाच्या ऑर्डर घेते, चार वर्षं झाली. त्याचं फेसबुक पेज काकांनी काढून दिलेलं, त्यांच्याच अकाउंटवरून, आणि ॲडमिन ते एकटेच. आता नियम असा आहे की पेजचा एकुलता एक ॲडमिन ज्या अकाउंटवर आहे ते अकाउंट स्मृती अकाउंट झालं, तर ते पेजही काढलं जातं. म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर काकूचं पेज, त्यावरचे सगळे फॉलोअर, चकल्या-करंज्यांचे फोटो, रिव्ह्यू, सगळं गेलं असतं आणि कारणही आम्हाला कळलं नसतं.

दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये जाणं फेसबुकच्या नियमात बसत नाही, तो माणूस गेलेला असला तरी, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत असू द्या. आमच्याकडे परिस्थिती अशी होती की काकू स्वतः त्याच फोनवरून रोज पेज चालवायची, म्हणून तेवढं एकच काम तिच्या हातून तिच्या समोर बसून केलं, मेसेंजर उघडलं नाही. पेजच्या सेटिंगमध्ये `Page access` आहे, तिथे काकूला नवीन माणूस म्हणून ॲड केलं. इथे एक बटण असतं, त्या माणसाला पूर्ण कंट्रोल द्यायचा की नाही याचं, आणि ते आपोआप बंद असतं. ते चालू करायला विसरलात तर नवीन माणूस पोस्ट टाकू शकेल पण पुढे दुसऱ्या कोणाला ॲडमिन करू शकणार नाही, म्हणजे पेज अर्धवटच राहिलं. शेवटी ते काकांचा पासवर्ड मागतं, तो त्यांच्या डायरीत शेवटच्या पानावर गॅसच्या कन्झ्युमर नंबरखाली लिहिलेला सापडला. मग काकूच्या स्वतःच्या अकाउंटला आमंत्रण येतं, ते तिने स्वीकारलं की झालं. तिच्या फोनवरून पेजवर एक साधी पोस्ट टाकून बघितली, आणि `Page access` मध्ये तिचं नाव पूर्ण कंट्रोलवाल्यांत दिसतंय हेही बघितलं, तेव्हाच पुढे गेलो.

तुमच्याकडे पेज नसेल तर हा सगळा भाग सोडा. पण सोसायटीचं, भिशीचं, ट्रेकिंगचं, मंडळाचं पेज असू शकतं, विचारून घ्या.

फोटो उतरवून घ्या, आणि मित्रयादी बघा

इथे एक बारीक गोम आहे. स्मृती अकाउंट झाल्यावर फोटो त्यांनाच दिसतात ज्यांना आधी दिसत होते. काकांचे बहुतेक फोटो फक्त मित्रांना दिसतील असे होते. आता काकूने तिचं चालू अकाउंट काकांच्या नंतर नव्याने काढलेलं, जुन्यावर ती मित्र होती, ते बंद पडलेलं. म्हणजे नवऱ्याचे फोटो बायकोलाच दिसणार नाहीत, आणि नंतर रिक्वेस्ट पाठवून उपयोग नाही कारण स्वीकारणारं कोणी नाही.

याला एकच अपवाद. माणसाने हयातीत स्वतःच्या सेटिंगमध्ये `Legacy contact` म्हणून कोणाला नेमलं असेल तर तो माणूस नंतर फ्रेंड रिक्वेस्ट स्वीकारू शकतो, प्रोफाइल फोटो बदलू शकतो, वर एक पोस्ट पिन करू शकतो, अकाउंट काढायची रिक्वेस्टही देऊ शकतो. मेसेज मात्र त्यालाही वाचता येत नाहीत. ही सोय २०१५ पासून आहे पण आमच्या ओळखीत तरी कोणी केलेली नाही, आणि माणूस गेल्यावर घरच्यांना नेमता येत नाही.

म्हणून आम्ही काय केलं, चुलतभाऊ काकांच्या मित्रयादीत होता, त्याने दोन रविवार बसून त्याच्या लॅपटॉपवरून सगळे अल्बम उतरवले. नुसते फोटो नाही, जिथे काकांनी खाली काही लिहिलेलं होतं त्याचे स्क्रीनशॉटही, कारण फोटो डाउनलोड केला की खालचा मजकूर येत नाही आणि काकांची मजा तर मजकुरात होती. ("आज १०३ पायऱ्यांपैकी १०३ चढलो, गुडघ्याचे आभार", असलं काहीतरी.) जे फोटो "फक्त मी" असे ठेवलेले असतील ते यातून मिळत नाहीत. त्यासाठी कंपनीकडे वेगळी मागणी करता येते पण तिथे कायदेशीर वारस असल्याचे कागद आणि कोर्टाचा हुकूम लागतो, आणि तरीही मिळतीलच असं नाही. फोटोंसाठी शिवाजीनगर कोर्टाच्या फेऱ्या मारायच्या का, ते ज्याचं त्याने ठरवावं. आम्ही नाही मारल्या.

मृत्यूचा दाखला आणि नावाचा घोळ

स्मृती अकाउंटसाठी दाखला लागतोच असं नाही, पेपरातली निधनवार्ता चालते. काढून टाकायचं असेल तर मात्र दाखला हाच सगळ्यात सरळ कागद. मृत्यू जिथे झाला तिथल्या कार्यालयात नोंद होते, राहत्या पत्त्यावर नाही. म्हणजे चिंचवडला राहणारा माणूस पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये गेला तर दाखला पुणे महापालिकेकडून, पिंपरी-चिंचवडकडून नाही. हॉस्पिटलमध्ये गेलेल्यांची माहिती हॉस्पिटल कळवतं, घरी गेलेल्यांची आपल्याला द्यावी लागते, २१ दिवसांच्या आत. उशीर झाला तर लेट फी, आणि वर्ष उलटलं तर प्रकरण बरंच वर जातं, तेव्हा नोंद वेळेत करा.

दाखला हातात आला की तिथल्या तिथे उभं राहून वाचा. मराठी वाचा आणि इंग्रजीही वाचा. आमच्या इंग्रजी नावात एक अक्षर चुकलेलं आणि ती चूक आमचीच, फॉर्मवर माझं अक्षर कोणाला लागलं नसेल. दुरुस्तीला आधार आणि पॅन जोडून पुन्हा फेरी.

पण खरा घोळ वेगळाच होता. दाखल्यावर काकांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आणि फेसबुकवर नाव काय, तर "नाना" आणि आडनाव. पलीकडे फॉर्म तपासणाऱ्याला कसं कळणार की हाच तो माणूस? आम्ही पहिल्यांदा नुसता दाखला जोडला आणि त्यांच्याकडून मेल आली की नाव जुळत नाही, अजून काही द्या. मग आठवलं की पेपरातल्या निधनवार्तेत आत्याने हट्टाने "उर्फ नाना" घालायला लावलं होतं, तेव्हा आम्ही म्हणत होतो कशाला. ते कात्रण आणि दाखला असं दोन्ही जोडून पाठवलं, कात्रणात पूर्ण नाव आणि टोपणनाव दोन्ही, दाखल्यात पूर्ण नाव आणि तारीख, त्यामुळे जुळलं. तेव्हा निधनवार्ता देतानाच प्रोफाइलवर जे नाव आहे ते उर्फ म्हणून टाकून द्या, चार शब्दांचे जे काय पैसे जास्त लागतील ते लागू द्यात.

कागदाचा फोटो काढताना चारही कोपरे दिसू देत, सावली नको, आणि कुठे आधार नंबर असेल तर तो झाकून मग पाठवा, त्याची त्यांना गरज नसते.

फॉर्म

आता प्रत्यक्ष काम, ज्याला खरंच दहा मिनिटं लागतात. स्वतःच्या अकाउंटवरून जा, गेलेल्या माणसाच्या नाही. facebook.com/help उघडा आणि सर्चमध्ये टाका:

```
memorialization request
```

फॉर्म येतो, त्यात गेलेल्या माणसाचं प्रोफाइल, मृत्यूची तारीख, कागद जोडायची जागा आणि तुमचा ईमेल. तारीख नीट बघा, कधीकधी महिना आधी आणि दिवस नंतर असा क्रम असतो, ३ ऑगस्टचं ८ मार्च होऊन जाईल आणि मग दाखल्याशी जुळणार नाही. ईमेल तुम्ही रोज बघता तोच द्या. उत्तर त्याच मेलवर येतं, बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतं, आणि अजून कागद मागितले तर त्याच मेलला रिप्लाय करायचा. नवीन फॉर्म परत परत भरू नका, प्रत्येक वेळी नवीन केस होते आणि कुठला कागद कुठे गेला ते आपल्यालाच कळत नाही.

काढून टाकायचं असेल तर मदत केंद्रातच गेलेल्या माणसाच्या अकाउंटसाठी वेगळा फॉर्म आहे, तिथे काढून टाकण्याचा पर्याय निवडायचा. ही रिक्वेस्ट जवळच्या कुटुंबीयांनीच द्यायची असते. दाखला नसेल तर दोन कागद लागतात, एक तुमचा अधिकार दाखवणारा, उदाहरणार्थ मृत्युपत्र, आणि दुसरा मृत्यू झाल्याचा, उदाहरणार्थ निधनवार्ता. पण दाखला मिळवणं याच्यापेक्षा सोपं आहे असं माझं मत.

इन्स्टाग्राम असेल तर तो फॉर्म वेगळा, कंपनी एक असली तरी. तिथेही स्मृती आणि काढणं हे दोन्ही पर्याय आहेत, आणि काढायला नातं सिद्ध करावं लागतं.

आणि या कशालाच पैसे लागत नाहीत. "अकाउंट बंद करून देतो, दोन हजार" म्हणून कोणी फोन केला, किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवा.

झालं की नाही ते कसं कळतं

मेल येते, पण मेलवर न थांबता दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून प्रोफाइल उघडा. नावापाशी `Remembering` दिसलं पाहिजे. काकांच्या फोनवरचं फेसबुक त्याच दिवशी आपोआप लॉगआउट झालं आणि परत आत जाता येईना, तीही एक खूण. तीनपैकी चालू अकाउंट आम्ही ठेवलं, बाकी दोन काढून टाकायला दिली, गणपतीवालं सुद्धा. फराळाचं पेज जागेवर होतं, काकूने लगेच उघडून बघितलं.

यानंतर काकांच्या नावाने नवीन फ्रेंड रिक्वेस्ट आली तर ती फेक, कारण खऱ्या अकाउंटवरून आता काहीच पाठवता येत नाही. त्या प्रोफाइलवर जाऊन रिपोर्ट करा, कोणाचं तरी सोंग घेतलंय हा पर्याय निवडून, आणि घरातल्या चार-पाच जणांना पण करायला सांगा.

सगळ्यात शेवटी सिम आणि व्हॉट्सॲप

व्हॉट्सॲपला स्मृती वगैरे प्रकार नाही. अकाउंट वापरात नसलं तर साधारण १२० दिवसांनी ते आपोआप डिलीट होतं. बँक, गॅस, लाइटबिल सगळीकडे काकूचा नंबर लावून झाल्यावर आम्ही सोसायटीच्या आणि घरच्या ग्रुपमधून काकांचा नंबर काढला, म्हणजे उद्या तो नंबर कोणा तिऱ्हाइताला मिळाला तरी आपल्या ग्रुपशी त्याचा संबंध राहायला नको. मग दाखल्याची प्रत घेऊन मोबाईल कंपनीच्या गॅलरीत जाऊन सिम बंद केलं.

काकूला भीती होती की मग तिच्या फोनमधलं बोलणं पण जाईल. ते जात नाही, तिच्याकडचे मेसेज तिच्या फोनमध्ये असतात, फक्त समोरचा डीपी दिसेनासा होतो. तरी तिचा फोन बदलायची वेळ आली तर बॅकअपवर भरवसा नको म्हणून व्हॉइस नोट एकेक करून बाहेर काढल्या, लॅपटॉपवर एक आणि पेनड्राइव्हवर एक. बहुतेक सगळ्या पाच-सात सेकंदांच्या आहेत. दुकानात उभं राहून विचारलेलं, चितळेंचं संपलंय, दुसरं कुठलं दूध आणू का.